चिखलातला माणूस पडला की धरला? फोटोओळ लिहिण्याची एक रीत

गोव्यातल्या माशेलच्या चिखलकाल्याचा माझा एक फोटो बऱ्याच वर्षांपूर्वी छापून आला होता. एक तरुण चिखलापासून हातभर उंचीवर आडवा, पाय वर, तोंड उघडं. खाली मी लिहिलं होतं, ‘चिखलात पाय घसरून पडताना एक युवक’. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या आईचा कार्यालयात फोन आला. शेजारीपाजारी विचारायला येत होते, मुंबईहून मुलीने फोन केला होता, पोराला कुठे लागलं का म्हणून. पोरगा पडलाच नव्हता. त्याच्या दोघा मित्रांनी त्याला खांद्याला आणि पायांना धरून झुलवलं होतं, आणि त्या मित्रांचे हात फोटोच्या कडेला कापले गेले होते. आईची मी माफी मागितली, दुरुस्तीही छापली. पण मनात राहिलं ते वेगळंच. मी त्या पोरापासून दहा पावलांवर उभा होतो, सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं, तरी ओळ चुकली. कारण ती मी मैदानावर लिहिली नव्हती. रात्री नऊ वाजता, पान सोडायची घाई असताना, डेस्कवर बसून फोटोकडे बघत लिहिली होती. फोटो बघून जे वाटलं, तेच मी पाहिलं असं समजून लिहून टाकलं.

तेव्हापासून फोटोओळ लिहिण्याची मी एक रीत धरली आहे. नव्याने फोटोग्राफर किंवा उपसंपादक म्हणून कामाला लागलेल्यांसाठी ती इथे सांगतो, आणि उदाहरण त्याच मैदानाचं घेतो. चिखलकाला ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी एवढंच, की आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी, द्वादशीला, माशेलच्या देवकीकृष्ण मंदिरासमोरच्या मैदानात तो खेळला जातो. उघड्या अंगाने पुरुष आणि मुलं पावसाने भिजलेल्या मैदानात उतरतात आणि कृष्ण व गवळ्यांच्या पोरांचे खेळ म्हणून मानलेले खेळ चिखलात खेळतात. फोटोओळ शिकायला याहून चांगली जागा नाही. सगळे चेहरे एका रंगाचे, सगळं हलतं, आणि बघणाऱ्याच्या मनात आधीच ठरलेली वाक्यं तयार असतात.

आधी तीन ढीग

‘दिसेल तेवढंच लिहा’ असं आपण नव्या मुलांना सांगतो, पण ते शब्दशः घेतलं तर ओळ लिहिताच येणार नाही. गावाचं नाव फोटोत दिसत नाही. तारीख दिसत नाही. चिखलाने माखलेल्या माणसाचं नाव तर मुळीच नाही. म्हणून मी ओळीत येऊ शकणाऱ्या प्रत्येक गोष्टीचे तीन ढीग करतो. पहिल्या ढिगात फोटोवर बोट ठेवून दाखवता येईल ते. दुसऱ्या ढिगात मी स्वतः तिथे होतो म्हणून किंवा विचारून घेतलं म्हणून मला ठाऊक असलेलं: ठिकाण, तारीख, प्रसंगाचं नाव, माणसांची नावं. तिसऱ्या ढिगात मला वाटलेलं सगळं. कोण आनंदात होतं, कोण कशासाठी आलं होतं, गर्दी किती असावी, पुढे काय झालं असेल.

ओळ पहिल्या ढिगावर उभी राहते. दुसऱ्या ढिगातून फक्त कुठे, कधी, कोण आणि कुठल्या प्रसंगी एवढंच घ्यायचं, आणि तेही वहीत लिहिलेलं असेल तरच. तिसरा ढीग तसाच मागे ठेवायचा. सांगायला हे सोपं आहे. अडचण अशी, की तिसऱ्या ढिगातल्या गोष्टी मराठीत एकेका प्रत्ययातून, एकेका सवयीच्या शब्दातून पहिल्या ढिगात येऊन बसतात, आणि लिहिणाऱ्याला पत्ता लागत नाही.

मैदानावर

निघण्यापूर्वी कॅमेऱ्याचं घड्याळ मोबाइलशी जुळवून घ्या. बॅटरी बराच काळ काढून ठेवली किंवा दुसऱ्याचा कॅमेरा घेतला की घड्याळ मागेपुढे गेलेलं असतं, कधी तारीखही चुकलेली असते. मग डेस्कवरचा माणूस फाइलमधली तारीख खरी मानून चालतो.

मैदानावर पोहोचल्यावर पहिला फोटो ठिकाणाचा काढा. देऊळ, कमान, पाटी, काहीही चालेल, पण जागा ओळखू येईल असा. तो छापायचा नसतो. दिवसात तीन ठिकाणी फिरून आल्यावर कुठला चिखल कुठला, हे त्याच्यावरून सांगता येतं.

मग नावं. चिखलकाल्यात नाव विचारायची वेळ एकच असते: फोटो काढल्यावर लगेच. तोच माणूस नळावर अंग धुऊन शर्ट घालून तुमच्यासमोर आला तर तुम्ही त्याला ओळखणार नाही. मी वहीत फोटोतल्या माणसांएवढ्या उभ्या रेघा मारतो, त्यांना डावीकडून आकडे देतो आणि प्रत्येकासमोर एक खूण लिहितो, जी चिखलातही टिकेल. ‘२, मनगटाला कडं’, ‘४, लाल चड्डी, दाढी’. त्याच्यापुढे नाव. कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो त्यालाच दाखवून ‘ह्यातले तुम्ही कोणते?’ असं विचारलं तर चूक राहत नाही, कारण चिखलात माखलेल्या माणसाला स्वतःला ओळखायलाही कधी कधी दोनदा बघावं लागतं. आडनाव त्याच्याच तोंडून अक्षर विचारून घ्या. नाईक की नायक, हे आपण ठरवायचं नसतं. आणि गाव विचारा. माशेलच्या मैदानात खेळणारा प्रत्येक जण माशेलचाच असतो असं नाही.

नाव मिळालं नाही तर ओळ बिननावाची जाऊ द्या. अर्धवट आठवणारं नाव लिहिण्यापेक्षा ‘एक जण’ केव्हाही बरं. लहान मुलांचं नाव मी आईवडिलांना विचारल्याशिवाय घेत नाही, मग ते मूल कितीही मोकळेपणाने सांगत असो.

आणि निघण्यापूर्वी, छत्रीखाली का होईना, एक कच्ची ओळ वहीत लिहून टाका. दोन वाक्यं पुरेत. त्या वेळी कोण काय करत होतं हे तुमच्या डोळ्यांत ताजं असतं. रात्री नऊ वाजता तुमच्या हातात फक्त फोटो उरतो, आणि फोटोला आदल्या आणि नंतरच्या क्षणाचं काही ठाऊक नसतं.

फोटो वाचणं

आता एक फोटो डोळ्यांसमोर आणा. मध्यभागी पाच पुरुष, पाचही उघड्या अंगाचे, अर्ध्या चड्डीवर, चेहऱ्यासकट चिखलाने माखलेले. त्यातल्या एकाला बाकीच्या चौघांनी हातापायांना धरलं आहे, आणि तो चिखलापासून साधारण गुडघाभर उंचीवर आडवा आहे. फोटोच्या डाव्या कडेला गुडघ्यापर्यंत चिखल लागलेला एक मुलगा, तो दुसरीकडेच कुठेतरी बघतो आहे. मागे माणसांची रांग, सात उघड्या छत्र्या. दोघांच्या हातात मोबाइल वर धरलेले, त्यातली एक सोनेरी केसांची बाई. त्याच्याही मागे कौलारू छप्पर आणि एक झाड.

ओळ लिहायला बसताना पेन खाली ठेवून आधी एक मिनिट हा फोटो नुसता वाचा. डोळा साहजिकच मधल्या पाच जणांवर जातो, म्हणून मी मुद्दाम कडांपासून सुरुवात करतो. डावी कड, वरची, उजवी, खालची, आणि शेवटी मधला भाग. कडेला कापलेला हात, अर्धा चेहरा, कुणाची तरी काठी, अशा गोष्टी तिथेच सापडतात, आणि मधलं दृश्य समजून घ्यायला त्याच लागतात. माझ्या चुकीच्या फोटोत वरच्या कोपऱ्यात एक अंगठा दिसत होता. पडणाऱ्याच्या घोट्यावर दुसऱ्याचा अंगठा. मी तेव्हा कड वाचली असती तर ‘घसरून’ हा शब्द लिहिलाच नसता.

मग मोजा. मोजता येतील तितकी माणसं खरोखर बोट ठेवून मोजा. पाच म्हणजे पाच. वीसपर्यंत मी आकडा लिहितो, त्याच्या पुढे ‘लोक’ किंवा ‘गर्दी’ लिहून थांबतो.

आधी लिहिली जाते तशी ओळ

या फोटोखाली आपल्याकडे बहुतेक वेळा कशी ओळ पडते, ती लिहून बघू:

‘माशेल येथे हजारो भाविकांच्या उपस्थितीत पारंपरिक चिखलकाला मोठ्या उत्साहात साजरा. मुसळधार पावसात तेल लावून मैदानात उतरलेले गावातील युवक सवंगड्याला उचलताना. त्यांना प्रोत्साहन देताना विदेशी पर्यटक.’

वाचायला काही खटकत नाही, हीच तिची अडचण. आता तिच्यातला एकेक शब्द उचलून फोटोवर ठेवू आणि बसतो का पाहू.

‘हजारो’ फोटोत नाहीत. मागच्या रांगेत मोजून तीसेक डोकी असतील. शिवाय लांबच्या लेन्सने काढलेल्या फोटोत मागेपुढे उभी असलेली माणसं एकमेकांना चिकटल्यासारखी दिसतात, म्हणून साधी रांगही तोबा गर्दी वाटते. आयोजकांनी सांगितलेला आकडा हवाच असेल तर तो बातमीत आयोजकांच्या नावावर द्यावा.

‘भाविक’ म्हणजे मनात भक्ती असलेला. ती आपण पाहिलेली नाही. तिथे देवदर्शनाला आलेले असतील, मुलाचा खेळ बघायला आलेले असतील, पावसात सहज थांबलेले असतील. ‘लोक’ हा शब्द या सगळ्यांना पुरतो. नव्या मुलांना तो फार साधा वाटतो, पण तो खरा असतो.

‘उत्साहात’ बद्दल मला नेहमी विचारतात, चेहरे हसताना दिसत असतील तर का लिहू नये? हसताना दिसत असतील तर ‘हसताना’ लिहा. ते फोटोत आहे. उत्साह ही त्या हसण्यावरून आपण केलेली अटकळ. आणि चिखलाने माखलेल्या, तोंड उघडलेल्या चेहऱ्यावर हसू आहे, ओरडणं आहे की तोंडात गेलेला चिखल बाहेर टाकणं आहे, हेही दर वेळी सांगता येत नाही. तसं असेल तर चेहऱ्याबद्दल काहीच लिहू नका.

‘मुसळधार’ हा शब्द पावसाळ्यात आपोआप येतो. फोटोत दिसतात त्या सात उघड्या छत्र्या. पाऊस किती होता हे फोटोवरून ठरवणं अवघड असतं, कारण ते शटरच्या वेगावर अवलंबून आहे. सेकंदाच्या हजाराव्या भागात काढलेल्या फोटोत जोरदार सरीही चार ठिपक्यांसारख्या उमटतात किंवा दिसतच नाहीत, आणि साठाव्या भागात काढलेल्या फोटोत साधी रिमझिमही लांबलचक रेषा होऊन पडते. तुम्ही स्वतः भिजला असाल तर ‘पावसात’ लिहा. ‘मुसळधार’ हे हवामानाच्या बातमीचं काम.

‘तेल लावून’ ही गंमत बघा. खेळणारे अंगाला तेल लावतात ही गोष्ट खरी आहे, माशेलच्या कुणालाही ठाऊक आहे. पण फोटोत चकाकणारी कातडी तेलाने चकाकते की पाण्याने, हे कोण सांगणार? खरी माहितीसुद्धा या फोटोतली नसेल तर या फोटोच्या ओळीत दिसतं म्हणून येऊ नये.

‘गावातील युवक’ मध्ये दोन दावे आहेत, गावचे असल्याचा आणि वयाचा. वहीत गाव लिहिलं नसेल तर पहिला जातो, आणि चिखलाखाली वय ओळखण्याच्या फंदात पडू नये हे बरं. ‘पुरुष’ किंवा ‘जण’ पुरतं. कडेचा मुलगा मात्र ‘मुलगा’ म्हणून दिसतो, त्याला मुलगा म्हणा, पण ‘दहा वर्षांचा’ नको.

‘विदेशी पर्यटक’ याबद्दल गोव्यात विशेष जपायला हवं. केस सोनेरी आहेत एवढंच आपण पाहिलं. ती बाई दहा वर्षं शेजारच्या गावात राहत असेल, तिथल्या कुणाशी लग्न करून संसार करत असेल, कोकणी बोलत असेल. तिच्याकडे पासपोर्ट कुठला हे केसांवरून कळत नाही, आणि ती फिरायला आली आहे की कामाला, हेही नाही. ‘मोबाइल वर धरलेली महिला’ एवढं दिसतं. ती फोटो काढते आहे असं तुम्ही तिथे पाहिलं असेल तर ‘मोबाइलवर टिपताना’ चालेल. आणि ‘प्रोत्साहन देताना’ तर मुळीच नाही, कारण आवाज फोटोत येत नाही. घोषणा, टाळ्यांचा कडकडाट, विठ्ठलनामाचा गजर, हे सगळं ऐकलेलं आहे. ते बातमीत लिहा. फोटोखाली टाळ्यांसाठी जोडलेले हात दिसत असतील तर तेवढेच.

क्रियापद

आता राहिला ‘उचलताना’. या एका शब्दावर मी थोडा वेळ थांबतो, कारण माझी जुनी चूक इथेच झाली होती.

आपल्या फोटोओळी बहुतेक ‘-ताना’ वर संपतात. दीपप्रज्वलन करताना, पुष्पहार अर्पण करताना, नाचताना, खेळताना. रूप छान आहे, छोटं आहे, क्रियापदाची जोडणी टाळता येते. पण ‘-ताना’ म्हणजे चालू असलेली क्रिया, आणि क्रियेला दिशा असते. उचलणं म्हणजे खालून वर, टाकणं म्हणजे वरून खाली. फोटो मात्र एका क्षणावर गोठलेला असतो, त्यात वर की खाली काही नसतं. चार जणांनी धरलेला माणूस उचलला जात आहे, खाली ठेवला जात आहे, झुलवला जात आहे की हातातून निसटतो आहे, या चारही वेळी हाच फोटो मिळू शकतो. हवेत असलेला चेंडू फेकला की झेलायचा आहे, हेही तसंच.

म्हणून माझी चाचणी अशी. क्रियापद लिहिलं की तीच क्रिया उलटी करून बघा. ‘उचलताना’ च्या जागी ‘खाली ठेवताना’ लिहिलं तरी फोटो तसाच बसतो का? बसत असेल तर फोटो दोघांपैकी कुणाचाही पुरावा नाही. मग दोनच वाटा. तुम्ही स्वतः पाहून वहीत ‘उचलला’ असं लिहून ठेवलं असेल तर तसं लिहा. नाहीतर स्थिती सांगणारं रूप घ्या: ‘धरलेला’, ‘उभे असलेले’, ‘बसलेली’, ‘हात वर केलेले’. स्थिती सांगणारं रूप गोठलेल्या क्षणाशी प्रामाणिक राहतं. ओळ जरा थंड होते खरी, पण फोटो जिवंत असेल तर ओळीने उड्या मारायची गरज पडत नाही.

याच बरोबर तीन शेपट्यांवर नजर ठेवा. ‘-साठी’ आली की आपण हेतू सांगितला: ‘आशीर्वाद घेण्यासाठी वाकलेला’. वाकलेला दिसतो, कशासाठी ते विचारावं लागेल. ‘-मुळे’ आली की कारण सांगितलं: ‘पावसामुळे घसरडं झालेलं मैदान’. आणि ‘-ून’ किंवा ‘नंतर’ आलं की आधी काय घडलं ते सांगितलं: ‘पाय घसरून’. माझ्या त्या ओळीत अख्खी चूक ‘घसरून’ मधल्या शेपटीत होती. लिहून झालेली ओळ पुन्हा वाचताना मी या तिन्हींखाली पेन्सिलीने रेघ मारतो, आणि प्रत्येक रेघेला फोटोत किंवा वहीत आधार मागतो.

ओळ बांधणं

गाळून उरलेलं आता जोडू. क्रम मी असा ठेवतो: ठिकाण, तारीख, प्रसंग, मग दृश्य, सर्वांत ठळक गोष्टीपासून मागच्या गोष्टीकडे.

‘माशेल (फोंडा) येथील देवकीकृष्ण मंदिरासमोरच्या मैदानात सोमवार, 7 जुलै 2025 रोजी चिखलकाल्यात एकाला हातापायांनी धरून उभे असलेले चौघे. मागे छत्र्या घेऊन उभे असलेले लोक.’

तारीख वारासह आहे, ‘काल’ किंवा ‘आज’ नाही. वर्तमानपत्र दुसऱ्या दिवशी निघतं, संकेतस्थळावर तासाभरात जातं, आणि पाच वर्षांनी कुणीतरी तोच फोटो संग्रहातून काढतं. ‘काल’ प्रत्येक ठिकाणी वेगळा होतो. तिथीही एकट्याने पुरत नाही. ‘आषाढ शुद्ध द्वादशी’ दर वर्षी येते. मात्र तारीख पडताळायला तिथीचा उपयोग होतो: 2025 मध्ये आषाढी एकादशी रविवारी, 6 जुलैला होती, म्हणजे चिखलकाल्याच्या फोटोवर 6 तारीख दिसली तर कुठेतरी गडबड आहे, बहुधा कॅमेऱ्याच्या घड्याळात.

चौघांची नावं वहीत असतील तर ‘डावीकडून’ असं म्हणून क्रमाने द्या. डावीकडून म्हणजे वाचणाऱ्याच्या डाव्या हातापासून, फोटोतल्या माणसाच्या नव्हे. आणि चौघांपैकी तिघांचीच नावं मिळाली असतील तर चौथ्याला गाळून क्रम लावू नका, नाहीतर एकाचं नाव दुसऱ्याच्याच तोंडावर बसतं. ‘डावीकडून दुसरे’ असं त्या त्या माणसापुरतं लिहा. ‘व इतर’ आणि ‘आदी मान्यवर’ या शब्दांनी वाचकाला काहीच कळत नाही, ते मी वापरत नाही.

मंत्री किंवा आमदार कार्यक्रमाला येऊन गेले होते, पण या फोटोत नाहीत. मग ते या ओळीतही नाहीत. आयोजकांकडून आलेल्या पत्रकात ‘यांच्या प्रमुख उपस्थितीत’ असं लिहिलेलं असतं आणि ते ओळीत उतरवायचा मोह होतो. त्यांचा वेगळा फोटो असेल तर त्याच्याखाली त्यांचं नाव येईल.

उत्सवाची माहिती द्यायची का, हा डेस्कचा निर्णय. द्यायचीच असेल तर वेगळं दुसरं किंवा तिसरं वाक्य करा, दृश्याच्या वाक्यात कालवू नका. ‘आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी येथे चिखलकाला खेळला जातो’ हे चालेल, कारण ते फोटोचं वर्णन असल्याचा आव आणत नाही. देवकीकृष्ण हे दैवत मूळ चोडणचं, तिथून मये आणि मग माशेल असा त्याचा प्रवास झाला, ही माहिती मला स्वतःला फार प्रिय आहे, पण ती लेखात शोभते. पाच माखलेल्या माणसांच्या फोटोखाली ती लिहिली की वाचकाची नजर फोटोवरून उठते.

फाइलमध्ये

ओळ वेगळ्या कागदावर किंवा व्हॉट्सॲपवर राहिली की फोटोपासून तुटते, आणि दोन दिवसांनी भलत्याच फोटोखाली जाते. ती फोटोच्या फाइलमध्येच `Description` या रकान्यात भरा. काही सॉफ्टवेअरमध्ये त्याच रकान्याला `Caption` म्हणतात. पाठवण्यापूर्वी फाइलमध्ये खरंच काय गेलं आहे, ते exiftool या प्रोग्रामने असं पाहता येतं:

```
exiftool -DateTimeOriginal -XMP-dc:Description foto.jpg
```

पहिल्या ओळीत कॅमेऱ्याने नोंदलेली वेळ येते, दुसरीत तुमची ओळ. देवनागरीऐवजी प्रश्नचिन्हं किंवा चौकोन दिसले तर पाठवू नका. आधी पडदा देवनागरी दाखवतो का ते बघा, मग रकाना पुन्हा भरा. बऱ्याच कार्यालयांत अजून आयपीटीसी या फोटोत माहिती भरायच्या जुन्या पद्धतीचा रकाना वाचला जातो, त्यात 2000 बाइट मावतात. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा वेगळी धरून, तीन बाइट घेतं, म्हणजे साडेसहाशे चिन्हांच्या आसपास जागा. वरची ओळ त्यात आरामात बसते. न बसण्याचा प्रसंग येतो तो कुणीतरी अख्खं पत्रक तिथे चिकटवल्यावर, आणि मग ओळीची शेपटी मध्येच तुटते.

दुसऱ्या डोळ्यांनी

शेवटची पायरी मी टाळत नाही, अगदी पान सुटायला दहा मिनिटं असली तरी. शेजारच्या सहकाऱ्याला फोटो न दाखवता फक्त ओळ वाचून दाखवतो आणि विचारतो, तुझ्या डोळ्यांसमोर काय आलं? तो सांगतो तेव्हा मी फोटो बघत असतो. त्याने सांगितलेली एखादी गोष्ट फोटोत नसेल, तर माझ्या ओळीतला कुठला तरी शब्द ती आत घेऊन आला आहे. वरची ओळ मी अशीच एका मुलीला वाचून दाखवली होती. ती म्हणाली, ‘चौघांनी एकाला पकडून ठेवलंय, मारामारी चालली आहे का?’ ‘हातापायांनी धरून’ मुळे हात-पाय धरणाऱ्यांचे की धरलेल्याचे, हेही तिला कळलं नव्हतं. ओळ बदलली: ‘चिखलकाला खेळणारे पाच जण. चौघांनी एकाला हात आणि पाय धरून चिखलाच्या वर आडवे धरले आहे.’ खेळ चालू होता हे मी तिथे पाहिलं होतं, वहीत होतं, म्हणून ‘खेळणारे’ लिहायला आधार होता.

त्यानंतर पान लावणाऱ्याने फोटो उभा कापला आणि डावीकडचा धरणारा बाहेर गेला. आता फोटोत चारच जण होते आणि धरलेल्या माणसाचा एक पाय कडेशी संपत होता. छपाईला जाण्यापूर्वी शेवटचं पान बघायचं ते यासाठी. मी ‘पाच’ चे ‘चार’ केले, ‘चौघांनी’ चे ‘तिघांनी’ केले आणि डावीकडून लिहिलेला नावांचा क्रम पुन्हा मोजला.